पेटीतली रक्कम महिन्याला जुळवा : लहान संस्थांच्या कारभाऱ्यांना आवाहन

नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत आणि सदरपासून नंदनवनपर्यंत नोंदणी झालेल्या लहान संस्था पुष्कळ आहेत. वाचनालये, व्यायामशाळा, देवस्थाने, महिला मंडळे, बालवाड्या. बहुतेक ठिकाणी पगारी माणूस एकच असतो. वर्गणीच्या पावत्या तोच फाडतो, पत्रे तोच पोस्टात टाकतो, आणि कुलपाची रोख पेटीही त्याच्याच कपाटात असते. टपाल, झेरॉक्स, रिक्षाभाडे, सभेचा चहा, एप्रिल लागला की कूलरची खस, असा सगळा किरकोळ खर्च त्या पेटीतून चालतो.

या संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांना माझे आवाहन आहे, आणि पेटी सांभाळणाऱ्यालाही आहे. पेटीतल्या रकमेबद्दल कुणी कुणावर संशय घ्यावा असे माझे म्हणणे नाही. उलट, ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यावर उद्या कुणी बोट ठेवू नये, यासाठीच ही पद्धत लावून घ्यायची आहे. वर्षभर ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कुणी पेटीकडे पाहत नाही आणि मार्चमध्ये एकदम हिशेब मागितला जातो. तेव्हा आठशे-नऊशे रुपये जुळत नाहीत, आणि प्रामाणिक माणूसच मान खाली घालतो. असे प्रसंग मी हिशेबाच्या कामात बरेच पाहिले आहेत.

कायद्यानेही हा विषय किरकोळ मानलेला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. लेखापरीक्षकाने अहवालात कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, हे १९५१ च्या नियमांत दिले आहे. त्यात एक प्रश्न असा आहे, की तपासणीच्या दिवशी व्यवस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या ताब्यातली रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळत होती का. रोख आणि व्हाउचर या दोन गोष्टी तिथे मुद्दाम एकत्र विचारल्या आहेत, आणि पेटीची सगळी पद्धत त्या जोडीवरच उभी आहे.

एकच बेरीज

पद्धत अशी. समितीने ठराव करून पेटीसाठी एक रक्कम कायमची ठरवायची. ती ५,००० रुपये धरू. कोषाध्यक्षाने या रकमेचा चेक काढायचा आणि पेटी सांभाळणाऱ्याने पैसे आणून पेटीत ठेवायचे. त्यानंतर कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी पेटी उघडली, तरी आतल्या नोटा-नाणी, खर्चाची व्हाउचर आणि कुणाला दिलेली उचल यांची बेरीज ५,००० च आली पाहिजे. पैसे बाहेर गेले की त्यांच्या जागी तेवढ्याच रकमेचा सही केलेला कागद पेटीत आला पाहिजे.

महिन्याच्या शेवटी, किंवा रोख हजाराच्या खाली आली की, जमलेली व्हाउचर कोषाध्यक्षाकडे द्यायची आणि व्हाउचरांची जेवढी बेरीज असेल तेवढ्याच रकमेचा चेक घ्यायचा. ३,२१३ रुपये खर्च झाला असेल तर चेक ३,२१३ चाच. ‘साडेतीन हजारांचा काढून द्या, पुढच्या वेळी बघू’ म्हटले की ती एकच बेरीज मोडते. मग पेटीत किती असायला हवे होते हे कुणालाच सांगता येत नाही, आणि गोंधळाची सुरुवात जवळपास नेहमी इथूनच होते.

ही शिस्त फक्त मोठ्या कचेऱ्यांसाठी आहे असे समजू नका. आपल्या ग्रामपंचायतींच्या दप्तरातही किरकोळ रोकड वहीचा नमुना, म्हणजे नमुना १८, मुख्य रोकड वहीपासून वेगळा ठेवलेला आहे. गावाच्या पंचायतीला जे जमते ते शहरातल्या वाचनालयालाही जमेल.

रक्कम किती, मर्यादा किती

पेटीची रक्कम अंदाजाने ठरवू नका. मागच्या तीन-चार महिन्यांचा किरकोळ खर्च काढा आणि एका महिन्याला पुरेल एवढी रक्कम ठेवा. खर्च चार हजारांच्या आसपास असेल तर पाच हजार पुरतात. पंधरा हजार ठेवले तर जास्तीची रोख कपाटात पडून राहते आणि ‘दोन दिवसांसाठी’ उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. उलट दोन हजारच ठेवले तर दर आठवड्याला चेक काढावा लागतो. त्याचा कंटाळा आला की माणूस वर्गणीच्या जमेतून खर्च करू लागतो.

हे तर अजिबात होऊ देऊ नका. वर्गणी, देणगी, सभागृहाचे भाडे, जी रक्कम जमा होईल ती पावती फाडून जशीच्या तशी बँकेत भरायची. ती पेटीत टाकायची नाही. जमा आणि खर्च एकाच पेटीत मिसळले की पावतीपुस्तकावरून बँकेचा भरणा तपासता येत नाही आणि व्हाउचरांवरून पेटीही तपासता येत नाही.

दुसरी मर्यादा एका खर्चाची. लहान संस्थेला एका व्हाउचरला १,००० रुपयांची मर्यादा पुरेशी आहे. त्यापुढचा खर्च चेकने किंवा संस्थेच्या खात्यातून थेट दुकानदाराला द्यावा. आयकर कायद्यात एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देण्यावर बंधन आहे. अशी रोख दिली तर, काही ठरलेले अपवाद सोडले, तो खर्च मान्य होत नाही, आणि करसवलत घेणाऱ्या विश्वस्त संस्थांनाही हे लागू आहे. काही कारभारी ‘दहा हजारांपर्यंत चालते’ म्हणून तीच पेटीची मर्यादा धरतात. ते चूक आहे. ते कायद्याचे शेवटचे टोक आहे. पेटीची मर्यादा त्याच्या पुष्कळ आत असावी.

मर्यादा ठरली की ती चुकवण्याची वाटही निघते. १,८०० रुपयांचे सामान एकाच दुकानातून घ्यायचे आणि बिले दोन करून आणायची, एक ९५० चे आणि एक ८५० चे. हे ओळखणे सोपे आहे. दोन्ही बिले एकाच दुकानाची असतात, तारीख तीच किंवा लागोपाठची असते आणि बिलांचे क्रमांक शेजारशेजारचे असतात. मंजुरीची सही करणाऱ्याने बिलाच्या रकमेबरोबर त्याचा क्रमांकही पाहायची सवय लावून घ्यावी.

पगार, मानधन आणि दरमहा येणारी मजुरी पेटीतून कधीही देऊ नये. पाण्याची टाकी एकदा धुऊन घेतली तर ती मजुरी किरकोळ खर्चात बसते. तीच बाई किंवा तोच माणूस रोज झाडायला येत असेल, तर तो संस्थेचा नियमित खर्च आहे आणि तो खात्यातूनच गेला पाहिजे.

कागद कोणता लावायचा

प्रत्येक खर्चाला एक व्हाउचर आणि त्याला जोडून मूळ बिल. व्हाउचरवर क्रमांक, तारीख, कुणाला दिले, कशासाठी दिले, आकड्यांत आणि अक्षरांत रक्कम, घेणाऱ्याची सही, खर्च करणाऱ्याची सही आणि मंजूर करणाऱ्याची सही हवी. क्रमांक आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून सलग चालावेत. व्हाउचर बिघडले तर फाडून टाकू नका. त्यावर आडवे ‘रद्द’ लिहा आणि तिथेच राहू द्या, कारण मधला क्रमांक नसला की तो कागद कुठे गेला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

‘कशासाठी’ या जागी नुसते ‘सामान’ किंवा ‘प्रवास’ लिहिणे पुरत नाही. ‘इतवारीतून पुस्तकांचे दोन गठ्ठे आणले, ई-रिक्षाभाडे, इतवारी ते महाल’ असे लिहा. सहा महिन्यांनी तो कागद वाचणाऱ्याला तुम्हाला फोन न करता खर्च समजला पाहिजे.

सगळ्यांचे बिल मिळत नाही. रिक्षावाला, हमाल, टाकी धुणारा माणूस तुम्हाला सरळ सांगेल, ‘‘भाऊ, आपल्याकडे बिल-बिल काही नसते.’’ जीएसटीची नोंदणी असलेल्या दुकानदारालाही २०० रुपयांच्या आतल्या विक्रीचे बिल नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला मागितल्याशिवाय द्यावेच लागत नाही. म्हणून दुकानात बिल मागून घ्यायची सवय ठेवा. जिथे ते मिळणारच नाही तिथे व्हाउचरवरच पैसे घेणाऱ्याचे नाव लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या. रिक्षाभाड्याला ते जमत नसेल तर खर्च करणाऱ्याने कुठून कुठे आणि कशासाठी गेलो हे लिहून स्वतः सही करावी. बिनबिलाच्या अशा व्हाउचरांसाठी समितीने वेगळी कमी मर्यादा ठरवावी. दोनशे-तीनशे पुष्कळ झाले. टाकी धुण्यासारखी मजुरी त्याहून जास्त होत असेल, तर काम करणाऱ्याची सही आणि सचिवाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही असावीत.

छापील पट्टीसारखी निघणारी बिले पेटीत ठेवताना एक काळजी घ्या. तो कागद उष्णतेने काळा पडतो आणि त्याची शाईही उडते. नागपूरचा उन्हाळा पत्र्याच्या कपाटात काढलेले असे बिल पुढच्या तपासणीला कोरे निघू शकते. त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून मूळ बिलासोबत जोडा.

आता बरेच पैसे फोनवरून दिले जातात. कर्मचारी स्वतःच्या खात्यातून दुकानदाराला देतो आणि पेटीतून तेवढी रोख घेतो. हे चालेल, पण बिलासोबत त्या व्यवहाराचा क्रमांक दिसणारी छापील प्रत जोडायची आणि व्हाउचरवर पैसे घेणारा म्हणून दुकानदाराचे नाही, त्या कर्मचाऱ्याचे नाव लिहायचे. रोख त्यालाच मिळाली आहे. ‘मला पेटीतून पाचशे दे, तुझ्या फोनवर टाकतो’ हा व्यवहार मात्र पूर्ण बंद करा. त्यात संस्थेची रोख जाते आणि पैसे कुणा एकाच्या खासगी खात्यात येतात.

पैसे परत भरून द्यायच्या वेळी कोषाध्यक्षाने प्रत्येक व्हाउचरवर आणि जोडलेल्या प्रत्येक बिलावरही ‘पैसे दिले’ असा शिक्का मारावा. शिक्का नुसता व्हाउचरवर मारला, तर बिल सोडवून पुढच्या महिन्यात नव्या व्हाउचरला लावता येते. नोटा मोजून ही लबाडी सापडत नाही, कारण बेरीज बरोबरच येते.

किल्ली कुणाकडे

पेटीची किल्ली एकाच माणसाकडे असावी. दोघे-तिघे पेटीत हात घालत असतील तर तूट कुणाची हे ठरवताच येत नाही. दुसरी किल्ली पाकिटात बंद करून, पाकिटावर सही करून अध्यक्षांकडे ठेवावी.

ज्याच्याकडे पेटी त्याने खर्च मंजूर करू नये, आणि ज्याने मंजूर केला त्याने पैसे मोजू नयेत. लहान संस्थेत तीन पगारी माणसे मिळत नाहीत हे मला मान्य आहे. पण कर्मचाऱ्याशिवाय समितीतले दोघे तरी मिळतातच. पेटी कर्मचाऱ्याकडे राहील, मंजुरी सचिव देईल आणि महिनाअखेरची मोजणी कोषाध्यक्ष करील. सचिवाने स्वतःचा खर्च स्वतः मंजूर करू नये, त्यावर अध्यक्षांची सही घ्यावी.

कर्मचारी रजेवर जाणार असेल, मग ती लग्नाची असो की दिवाळीची, तर जाण्यापूर्वी पेटी मोजून, वहीत लिहून, देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या करून पेटी सोपवावी. परत आल्यावर तसेच करावे. तोंडी सोपवलेल्या पेटीचा भांडणाशिवाय शेवट होणे कठीण.

खर्चाआधी कुणाला पैसे द्यावे लागले तर ती उचल. तिच्यासाठी छोटी चिठ्ठी करा. नाव, रक्कम, काम, तारीख, सही. तीन दिवसांत बिल किंवा उरलेले पैसे आलेच पाहिजेत. घरगुती अडचणीसाठी कुणालाही, अध्यक्षांनाही, पेटीतून उचल मिळणार नाही, हे ठरावातच लिहा. मग कर्मचाऱ्याला मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायला आधार मिळतो.

एप्रिलअखेरची मोजणी

आता एक महिना प्रत्यक्ष करून पाहू. एखाद्या वाचनालयाची पेटी ५,००० ची आहे. एप्रिलमध्ये आठ व्हाउचर झाली. स्टेशनरी ६४०, टपाल ११८, पुस्तकांचे रिक्षाभाडे १५०, कूलरची खस ६६०, पाण्याचे कॅन ६००, बल्ब-वायर ३८५, टाकी धुण्याची मजुरी ४००, सभेचा चहा-नाश्ता २६०. शिवाय कूलरचा पंप आणायला २८ तारखेला ५०० ची उचल दिली आहे.

३० तारखेला संध्याकाळी कोषाध्यक्ष पेटीजवळ बसतात. कर्मचारीही समोर असतो. त्याच्यामागे पेटी कधीच मोजायची नाही. आधी नोटा मोजून प्रकारवार लिहितात. पाचशेची एक, दोनशेच्या दोन, शंभरच्या तीन, पन्नासची एक, वीसची एक, दहाची एक आणि नाणी सात रुपयांची. एकूण १,२८७. हा आकडा वही उघडण्यापूर्वी लिहायचा. आधी वहीतली शिल्लक पाहिली की डोळा तोच आकडा शोधू लागतो.

मग वही उघडतात. वहीत आठ नोंदींची बेरीज ३,०३३ आहे. पाच हजारांतून ती आणि ५०० ची उचल वजा केली, तर पेटीत १,४६७ असायला हवेत. आहेत १,२८७. म्हणजे १८० ची तूट.

इथे कुणीही खिशातून १८० काढून पेटीत टाकू नये. टाकले तर खरी चूक तशीच राहते आणि तिच्यावर खोटा हिशेब चढतो. आधी फरकाला नवाने भाग जातो का ते पाहायचे. १८० ला जातो. तेव्हा कुठेतरी आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी. व्हाउचर एकेक करून वहीशी लावतात, तेव्हा स्टेशनरीचे बिल ६४० चे, व्हाउचरही ६४० चे, पण वहीत ४६० लिहिलेले सापडते. चुकीचा आकडा खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने पुसायचा नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी ६४० लिहायचे आणि सही करायची. आता बेरीज ३,२१३ होते. रोख १,२८७, व्हाउचर ३,२१३ आणि उचल ५००. एकूण ५,०००. जुळले.

फरकाला नवाने भाग गेला नाही, तर फरकाएवढ्याच रकमेचा एखादा खर्च व्हाउचरशिवाय झाला आहे का, ते आठवून पाहायचे. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंदही शोधायची. खर्च म्हणून लिहायची रक्कम चुकून जमेत गेली की फरक दुप्पट पडतो. एवढे करूनही सापडले नाही तर तूट तूट म्हणूनच लिहायची, दोघांनी सह्या करायच्या आणि पुढच्या सभेत मांडायची. ती भरून घ्यायची की संस्थेने सोसायची, हे समिती ठरवील. पैसे जास्त निघाले तरी हेच करायचे. जास्तीचे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत. एखादे व्हाउचर दोनदा झाल्याची ती खूणही असू शकते.

मग कोषाध्यक्ष ३,२१३ चा चेक देतात आणि आठ व्हाउचर ताब्यात घेतात. मुख्य हिशेबात ‘पेटी खर्च ३,२१३’ अशी एक ओळ टाकत नाहीत. खर्च आपापल्या खात्यावर टाकतात. खस आणि बल्ब-वायर मिळून १,०४५ दुरुस्तीला, ६४० स्टेशनरीला, ११८ टपालाला, आणि बाकीचेही तसेच. ५०० ची उचल अजून उभी आहे. ती कुणाकडे आहे हे मोजणीच्या कागदावर नावानिशी येते आणि तीन दिवसांची मुदत संपताच तिचे बिल मागायचे असते.

३१ मार्चला मात्र एकही उचल उभी ठेवू नका. व्हाउचर कमी असली तरी त्या दिवशी हिशेब करा, म्हणजे त्या वर्षाचा खर्च त्याच वर्षात पडतो. वर्षात दोन-तीनदा समितीतल्या कुणीतरी न सांगता येऊन पेटी मोजावी, तीही याच पद्धतीने, कर्मचाऱ्यासमोर आणि सहीनिशी.

पुढच्या सभेचा ठराव

हे सुरू करायला वर्ष संपण्याची वाट पाहायला नको. पुढच्या समिती सभेत एवढाच ठराव घ्या : ‘किरकोळ खर्चासाठी ५,००० रुपयांची कायम रक्कम ठेवावी. एका व्हाउचरची मर्यादा १,००० रुपये, बिनबिलाच्या खर्चाची ३०० रुपये, आणि त्याहून जास्त मजुरीला सचिवांची आधी परवानगी घ्यावी. पेटी अमुक कर्मचाऱ्याकडे राहील, मंजुरी सचिव देतील, दर महिनाअखेरीस कोषाध्यक्ष पेटी मोजतील. पेटीतून कोणालाही खासगी उचल देऊ नये. जमेची कोणतीही रक्कम पेटीत ठेवू नये.’ आकडे तुमच्या संस्थेला बसतील ते घाला. ठरावाची प्रत पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा.

आणि कोषाध्यक्षांना एक विनंती. मोजणी जुळली की त्या कागदाची सही केलेली एक प्रत पेटी सांभाळणाऱ्याला द्या. दर महिन्याचा तो कागद त्याच्याजवळ असला, तर दोन वर्षांनी नवी समिती आली आणि कुणी जुना प्रश्न काढला, तरी त्याला उत्तर द्यायला तुम्हाला शोधत यावे लागणार नाही. पगार थोडा आणि जबाबदारी मोठी असलेल्या माणसाला एवढे संरक्षण देणे हे समितीचे कामच आहे.